सोलर बॅकअपसाठी लिथियम की ट्युब्युलर? आधी पावसाळ्याचा हिशेब मांडा

दुकानात गेलं की प्रश्न एकाच रूपात समोर येतो: "साधी ट्युब्युलर घ्यायची की लिथियम?" उत्तरही ठरलेलं असतं: लिथियम महाग, पण जास्त टिकते. हे खोटं नाही, पण या उत्तरावर पैसे खर्च करता येत नाहीत. बॅटरी किती टिकेल हे तिच्या लेबलावरच्या वर्षांपेक्षा एका गोष्टीवर जास्त ठरतं: ती रोज रिकामी होऊन रोज भरणार आहे, की महिन्यातून दोन-चार वेळा लाइट गेली तरच लागणार आहे. पहिल्या प्रकारच्या घरात लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, जवळपास नेहमीच स्वस्त पडते. दुसऱ्या प्रकारच्या घरात चांगली ट्युब्युलर अजूनही शहाणपणाची खरेदी आहे. असं का, ते एका घराचा हिशेब पुरता मांडून पाहू.

दोघींचा स्वभाव

ट्युब्युलर ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी. तिच्यातून करंट घेतला की तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. चार्जिंग करताना ते विरघळून परत मूळ रूपात जातं. ताजं सल्फेट बारीक दाण्याचं असतं, ते सहज जातं. बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिली की हेच दाणे मोठे आणि कडक होतात, मग ते नेहमीच्या चार्जिंगने जात नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून गेला. यालाच सल्फेशन म्हणतात. घरगुती सोलरवरच्या बऱ्याचशा ट्युब्युलर बॅटऱ्या जातात त्या याच कारणाने. जास्त वापर हे निमित्त असतं, पूर्ण न भरणं हे कारण असतं.

एलएफपीमध्ये लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्राफाइटमधून दुसऱ्या बाजूच्या आयर्न फॉस्फेटमध्ये जातात आणि परत येतात. अर्धवट भरलेली राहिली म्हणून तिचं काही बिघडत नाही. उलट शंभर टक्के भरून उन्हाळ्यात महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर तिचं वय जास्त वेगाने सरतं. म्हणजे एकीला रोज पोटभर जेवण हवं, दुसरीला चार घास कमी असलेलं बरं. पुढचे सगळे आकडे याच फरकातून येतात.

घराचा लोड

मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या गावातलं चार खोल्यांचं घर घेऊ. संध्याकाळ आणि रात्र मिळून सहा तास बॅकअप रोज लागतो. ७० वॉटचे तीन साधे पंखे सहा तास चालले तर १२६० वॉट-तास. ९ वॉटचे सहा एलईडी दिवे चार तास, म्हणजे २१६. ८० वॉटचा टीव्ही तीन तास, २४०. राउटर १० वॉटचा, सहा तासांचे ६०. बेरीज १७७६ वॉट-तास, म्हणजे पावणेदोन युनिट. इन्व्हर्टर डीसीचं एसी करताना साधारण १५ टक्के स्वतः खातो, म्हणून बॅटरीतून रोज सुमारे २०९० वॉट-तास, ढोबळमानाने २.१ युनिट काढावे लागतील.

पंखे बदलून २८ ते ३५ वॉटचे बीएलडीसी लावले तर पंख्यांचा हा आकडा निम्म्यावर येतो. बॅटरीचं दुकान गाठण्याआधी हा हिशेब करून पाहावा. बॅटरीच्या क्षमतेत वाचणारा पैसा पंख्यांच्या किमतीचा मोठा भाग भरून काढतो. इथे मात्र साधे पंखेच धरू.

ट्युब्युलर रोज निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणून २.१ युनिटसाठी ४.२ युनिटची बॅटरी हवी. २४ व्होल्टच्या सिस्टिमला ती १७५ अँपिअर-तास होते. बाजारातला जवळचा वरचा आकार २०० आहे, म्हणजे १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकूण ४.८ युनिट, रोजचा वापर ४४ टक्के.

एलएफपी रोज ८० टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते. तिथे २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-तासाचा एक पॅक पुरतो. एकूण २.५६ युनिट, रोजचा वापर ८२ टक्के. म्हणून "२०० एएच आणि १०० एएच" अशी नुसती अँपिअर-तासांची तुलना दुकानात कुणी करू लागलं तर तिला अर्थ नाही. रोज हाताशी किती युनिट येतात ते विचारावं.

ट्युब्युलर घेताना लेबलावर सी१० आहे की सी२० हे जरूर वाचा. सी१० म्हणजे दहा तासांत रिकामी केली तर लिहिलेली क्षमता मिळते. सी२० म्हणजे वीस तासांत. लेड-अ‍ॅसिडमधून जितका वेगाने करंट काढाल तितकी तिची क्षमता आक्रसते. सी१० ला १०० टक्के धरलं तर पाच तासांत रिकामी करताना सुमारे ८३ टक्के मिळते, तीन तासांत सुमारे ७२ आणि एका तासात जेमतेम ५०. आपल्या घरात सगळं एकदम चालू असेल तेव्हाही सुमारे १७ अँपिअरच निघतात, त्यामुळे इथे ही अडचण नाही. पण त्याच बॅटरीवर मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याची मोटर चालवायची असेल तर हा तक्ता आडवा येतो. एलएफपीत ही घट नगण्य असते.

सकाळी नऊ ते दुपारी चार

छतावर ५४० वॉटची दोन पॅनल आहेत असं धरू. ट्युब्युलर २०० ला चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे २० अँपिअर ठेवायची पद्धत आहे. रात्री ८७ अँपिअर-तास गेले, सकाळी ५६ टक्के शिल्लक. नऊच्या सुमारास पूर्ण २० अँपिअर सुरू झाले तर साडेअकरापर्यंत ती ८० टक्क्यांवर येते. इथपर्यंत सगळं ठीक दिसतं. पुढचे वीस टक्के ही बॅटरी घाईने घेतच नाही. व्होल्टेज २८.८ वर टेकतं, करंट हळूहळू २० वरून १०, मग ४ पर्यंत उतरतो आणि त्याला आणखी चार ते पाच तास लागतात. म्हणजे साडेतीन-चार वाजले. निरभ्र दिवशी कशीबशी पूर्ण भरली. दुपारी दोनला ढग आले की शेवटचे दहा टक्के राहून गेले, आणि तेच दहा टक्के सल्फेशन धुऊन काढणारे असतात.

आणखी एक नुकसान मीटरवर दिसत नाही. दुपारी ही पॅनल २४ व्होल्टच्या बॅटरीला ३० अँपिअरच्या आसपास देऊ शकतात. बॅटरी २०, मग १०, मग ५ अँपिअर घेते. त्या वेळी घरात फ्रिज किंवा मोटरसारखा दिवसाचा लोड नसेल तर उरलेलं ऊन पॅनलवरच वाया जातं. १०० अँपिअर-तासाची एलएफपी ३० अँपिअर आनंदाने घेते आणि जवळजवळ शेवटपर्यंत घेत राहते. साडेबारा-एकपर्यंत ती भरलेली असते आणि दुपारचं सगळं ऊन घराला मोकळं मिळतं.

पॅनलबद्दल एक सूचना इथेच द्यायला हवी. ५४० वॉटच्या पॅनलचं कामाचं व्होल्टेज साधारण ४१ असतं. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते सरळ बॅटरीच्या २७ व्होल्टवर ओढून आणतो आणि पॅनलच्या क्षमतेतला एक तृतीयांश भाग गमावतो. पॅनलला त्याच्या कामाच्या व्होल्टेजवर ठेवून जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलर हवाच. त्याच पॅनलचं मोकळं व्होल्टेज ५० च्या घरात असतं, त्यामुळे १०० व्होल्टच्या मर्यादेच्या एमपीपीटीवर दोन पॅनल सिरीजमध्ये जोडू नका. थंडीच्या सकाळी व्होल्टेज आणखी चढतं आणि कंट्रोलर जळतो. पॅरलल जोडा किंवा १५० व्होल्टचा घ्या.

जुलै महिना

उन्हाळ्यात पाच तास भर उन्हाइतकी ऊर्जा मिळाली तर या दोन पॅनलमधून सगळे लॉस जाता रोज चार युनिट येतात. तेव्हा कोणतीही बॅटरी चालते. परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये असते.

भरताना आणि काढताना ट्युब्युलरमध्ये सुमारे २० टक्के ऊर्जा उष्णता आणि वायूच्या रूपात जाते, एलएफपीत सुमारे ५ टक्के. म्हणून २.१ युनिट परत भरायला ट्युब्युलरला २.६ आणि एलएफपीला २.२ युनिट लागतात. पावसाळ्यातल्या बऱ्यापैकी दिवशी, म्हणजे तीन तासांच्या उन्हात, पॅनल २.४ देतात. हा आकडा नेमका दोघींच्या मध्ये पडतो. एलएफपी भरते, ट्युब्युलर रोज थोडी कमी राहते.

आता झड लागली आहे आणि दिवसाला १.२ युनिटच येतात असं समजू. ट्युब्युलरमध्ये पहिल्या रात्रीनंतर २.७ युनिट उरले होते. दिवसा एक युनिटची भर पडून ३.७ झाले, दुसऱ्या रात्रीनंतर १.६ उरले, म्हणजे ३३ टक्के. तिसऱ्या रात्रीनंतर ती दहा टक्क्यांवर येते. एलएफपीत पहिल्या रात्रीनंतर अर्धाच युनिट उरतो, दिवसा १.१ भरतात, आणि दुसऱ्या रात्री चार तासांत इन्व्हर्टर बंद होतो.

म्हणजे झडीत आधी दगा देते ती एलएफपी. तिचा आकार लहान आहे, शिल्लक साठा कमी आहे. विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत, पण ती खरी आहे. फरक असा की दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की एलएफपी होती तशी परत मिळते. ट्युब्युलरने तीन रात्री प्रकाश दिला, पण असे आठ-दहा प्रसंग एका पावसाळ्यात आले आणि मधल्या काळात तिला पूर्ण चार्ज मिळाला नाही, तर दिवाळीपर्यंत तिचा बॅकअप उघड उघड घटलेला असतो. झडीतही पूर्ण रात्र हवीच असेल तर एलएफपी १०० ऐवजी १५० ची घ्या, किंवा इन्व्हर्टरमध्ये सोलरसोबत महावितरणच्या लाइटवरूनही चार्ज करण्याची सोय चालू ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पीएम सूर्यघर योजनेतून बसणारी साधी ऑन-ग्रिड सिस्टिम लाइट गेली की स्वतःही बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी ती तशीच असावी लागते. तिला नुसती बॅटरी जोडून बॅकअप मिळत नाही. हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, किंवा वेगळा ऑफ-ग्रिड भाग करावा लागतो.

उष्णता

लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य २५ ते २७ अंशांवर मोजलेलं असतं. त्यापुढे दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ४२ अंश असतील तर लेबलावरचं आयुष्य विसरा. एलएफपीलाही उष्णता सोसत नाही, ती फक्त जरा उशिरा कुरकुरते. ४५ अंशांच्या वर चार्ज करत राहिलं तर तिचंही वय झपाट्याने जातं. दोन्ही बॅटऱ्यांची जागा तळमजल्यावर, सावलीत, भिंतीपासून वीतभर दूर. ट्युब्युलरला वरून हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेतो. झोपायच्या खोलीत ती नको, देवघराच्या समईजवळ तर नकोच. एलएफपी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही, त्यामुळे घरात भिंतीवरही बसते.

पैशांचा हिशेब

भाव सतत बदलतात, म्हणून खालचे आकडे उदाहरणाचे समजा आणि तुम्हाला मिळालेलं कोटेशन त्या जागी घाला. दोन २०० च्या सी१० ट्युब्युलर ३६ हजारांना आणि २.५६ युनिटचा एलएफपी पॅक ४८ हजारांना मिळतो असं धरू. ट्युब्युलर मोडीत दिल्यावर आठ हजार परत येतील असंही धरू, म्हणजे निव्वळ २८ हजार.

रोजच्या वापरात, चांगली निगा राखून, ट्युब्युलरकडून १५०० चक्रं, म्हणजे चार वर्षांची अपेक्षा ठेवावी. तिने एकूण ३१३५ युनिट दिले, युनिटमागे नऊ रुपये. एलएफपीच्या लेबलावर ४००० किंवा ६००० चक्रं लिहिलेली असतात. आपल्या उन्हाळ्याचा विचार करून ३००० धरा. ६२७० युनिट, युनिटमागे सात रुपये पासष्ट पैसे. शिवाय ट्युब्युलरच्या २० टक्के लॉससाठी लागणारं जास्तीचं पॅनल आणि डिस्टिल्ड वॉटर यात धरलेलंच नाही.

आता शहरातलं घर घ्या, जिथे वर्षाला तीस वेळा लाइट जाते आणि एरवी बॅटरी भरून बसलेली असते. क्वचित वापरात ट्युब्युलर ७०-७५ टक्क्यांपर्यंत नेली तर चालते, म्हणजे २०० ची गरजच नाही. १२० च्या दोन बॅटऱ्या तेच २.१ युनिट देतात. ती चक्रांनी नव्हे, वयाने मरणार आहे. एलएफपीची ३००० चक्रं अशा घरात शंभर वर्षं पुरतील, पण तिचं रसायन आणि आतल्या सेलवर नजर ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं बीएमएसचं सर्किट तितकं जगणार नाही, म्हणजे न वापरलेल्या चक्रांचे पैसे फुकट जातात. इथे ट्युब्युलर घ्या आणि राहिलेले पैसे खिशात ठेवा.

ट्युब्युलर काढून एलएफपी बसवताना

सर्वात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं. "तीच जागा, तेच वायर, फक्त बॅटरी बदलायची" असं समजून जोडलेली एलएफपी काही आठवड्यांत तक्रारी द्यायला लागते.

पहिलं काम सेटिंगचं. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर ट्युब्युलरसाठी २८.८ ते २९.६ पर्यंत चार्ज करतो आणि २१ व्होल्टला लोड तोडतो. एलएफपीत आठ सेल सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅकची २९.२. २९.६ मिळाले की आतला बीएमएस बॅटरी तोडतो. चालू चार्जिंगमध्ये बॅटरी अशी एकाएकी सुटली की कंट्रोलरवर पॅनलचं वाढीव व्होल्टेज येतं, दिवे लुकलुकतात आणि साधा कंट्रोलर जळूही शकतो. खालच्या टोकाला २१ व्होल्ट म्हणजे सेलमागे २.६, तिथवर एलएफपी रोज नेऊ नये. जुनी बॅटरी जोडलेली असतानाच सेटिंग बदलून घ्या, कारण बरेच कंट्रोलर बॅटरीशिवाय चालूच होत नाहीत. आठ सेलच्या पॅकसाठी हे आकडे सुरक्षित आहेत. पॅकच्या पुस्तिकेत वेगळे दिले असतील तर ते पाळा:

```
Boost / Absorption : 28.0 V
Float              : 27.0 V
Low battery cut    : 24.4 V
Reconnect          : 26.0 V
Equalize           : OFF
Temp compensation  : 0
```

इन्व्हर्टरमध्ये हे आकडे बदलताच येत नसतील, नुसता "फ्लॅट / ट्युब्युलर" असा खटका असेल, तर त्यावर एलएफपी लावू नका. इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च वरच्या हिशेबात मिळवा आणि मग निर्णय घ्या.

दुसरं, फ्यूज. एलएफपीचा अंतर्गत रेझिस्टन्स फार कमी असतो, त्यामुळे शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहतात. एसीचा एमसीबी तिथे ठिणगी विझवू शकत नाही, आतल्या आत वितळून जोडलेलाच राहतो. आपल्या घरात १२०० वॉटचा लोड धरला तर बॅटरीच्या बाजूला ६० अँपिअर येतात. त्यासाठी १०० अँपिअरचा, डीसीसाठी बनवलेला, क्लास टी प्रकारचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. केबल तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची आणि एका बाजूने दीड मीटरपेक्षा लांब नको. केबलच्या टोकाचा लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा. पक्कडीने चेपलेला लग सुरुवातीला ठीक वाटतो, मग गरम होतो, ढिला पडतो, आणि एके दिवशी त्याचं प्लास्टिक वितळलेलं सापडतं. बसवल्यावर आठवड्याने पूर्ण लोड चालू ठेवून लगपासून बोटभर अंतरावर केबलच्या आवरणाला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको.

आता जोडणीचा क्रम:

१. आधी पॅनलचा डीसी स्विच बंद, मग घराचा लोड आणि एसी इनपुट बंद, मग जुनी बॅटरी काढा. पॅनल चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये.

२. नवा पॅक जागेवर बसवून निगेटिव्ह केबल आवळा. पॉझिटिव्ह जोडताना इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बीएमएस त्याला शॉर्ट समजून ट्रिप होतो. म्हणून आधी ३० ते ५० ओहम, किमान १० वॉटचा रेझिस्टर टर्मिनल आणि लगच्या मध्ये तीन ते पाच सेकंद धरा, मग लगेच केबल लावून आवळा. टॉर्क पुस्तिकेत दिला असेल तेवढाच.

३. आता पॅनलचा स्विच चालू करा. पहिला चार्ज दहा-पंधरा अँपिअरने सावकाश पूर्ण होऊ द्या आणि २८ व्होल्टवर दोन-तीन तास राहू द्या. बहुतेक बीएमएस सेल समान करण्याचं काम सेलमागे ३.४ व्होल्टच्या वरच सुरू करतात, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही.

४. क्षमता तपासा. भरलेल्या पॅकवर ४००-५०० वॉटचा स्थिर लोड लावा, मध्ये साधा एनर्जी मीटर ठेवा, पॅनल आणि एसी इनपुट बंद. इन्व्हर्टर बंद होईपर्यंत मीटरवर दोन युनिटच्या पुढे आकडा यायला हवा. दीड युनिटवरच थांबला तर एकतर सेल असमान आहेत किंवा लेबल खोटं आहे. ही चाचणी पहिल्या आठवड्यातच करा, म्हणजे दुकानदाराशी बोलायला हातात आकडा असतो.

२५.६ चा एक पॅक घेण्याऐवजी १२.८ चे दोन सिरीजमध्ये लावणार असाल तर जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करा, आणि त्यांचा बीएमएस सिरीजला चालतो असं लेखी घ्या. नाहीतर एक नेहमी आधी भरतो, दुसरा नेहमी आधी संपतो.

बिघाड कसा ओळखायचा

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. ७० टक्क्यांवर आणि ४० टक्क्यांवर तुमचा मल्टिमीटर जवळपास एकच आकडा दाखवेल. इन्व्हर्टरच्या डब्यावरचे चार कांड्यांचे चित्र तर ट्युब्युलरच्या व्होल्टेजवर बेतलेलं असतं. ते एलएफपीला तासन्‌तास "फुल" म्हणतं आणि मग एकदम अंधार करतं. शिल्लक पाहायची असेल तर बीएमएसचं अ‍ॅप किंवा शंटवर करंट मोजणारा मीटर हवा. तो मीटरही आठवड्यातून एकदा पॅक पूर्ण भरला तरच खरा राहतो, कारण तिथे तो आपला हिशेब शंभरवर जुळवून घेतो.

पॅक नेहमीपेक्षा लवकर "भरला" आणि लवकर संपला, तर अ‍ॅपमध्ये सेलची व्होल्टेज पाहा. भरत आल्यावर एक सेल ३.६५ ला पोचलेला आणि बाकीचे ३.३८ वर, असं दिसलं तर सेल असमान झालेत. पाच-सहा दिवस रोज २७.६ ते २८ व्होल्टवर कमी करंटने काही तास ठेवलं की बहुतेक वेळा ते जुळतात. भरलेल्या अवस्थेत १०० मिलिव्होल्टपर्यंतचा फरक चिंतेचा नाही. तोच एक सेल संपतानाही सगळ्यांच्या आधी कोसळत असेल तर तो सेलच कमजोर आहे, वॉरंटीत द्या.

पॅक पूर्ण रिकामा होऊन बीएमएसने तो तोडला असेल तर टर्मिनलवर शून्य किंवा काही व्होल्टच दिसतात, आणि इन्व्हर्टरला बॅटरी आहे हेच कळत नाही म्हणून चार्जिंग सुरू होत नाही. बॅटरी मेलेली नसते. पॅकवरचं रिसेट बटण दाबा, किंवा एलएफपीच्या स्वतंत्र चार्जरने काही मिनिटं चार्ज द्या. लो कट २४.४ वर ठेवलेला असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

ट्युब्युलरचं सल्फेशन वेगळ्या खुणांनी कळतं. चार्ज लावला की व्होल्टेज झरझर चढतं, लोड लावला की झरझर उतरतं, आणि दिवसभर चार्ज करूनही हायड्रोमीटरवर ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता, वर येत नाही. भरलेल्या घरगुती ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी २७ अंशांना साधारण १.२४० असते. सहाही सेलची मोजा. एकच सेल इतरांपेक्षा ०.०३० ने मागे असेल आणि लांब चार्जनंतरही तसाच राहत असेल तर तो सेल गेला. सिरीजमधली एकच बॅटरी बदलायचा मोह टाळा. जुनीसोबत नवी जोडली की नवी जुनीच्या वेगाने थकते.

ट्युब्युलरच ठेवायची असेल तर

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा महावितरणच्या लाइटवरून तिला सलग दहा-बारा तास चार्ज करा, ग्रॅव्हिटी सलग दोन तास स्थिर राहीपर्यंत. आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही. पाणी दोन-तीन महिन्यांनी पाहा आणि चार्ज पूर्ण झाल्यावरच भरा. आधी भरलं तर चार्ज होताना वर येऊन अ‍ॅसिड बाहेर सांडतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. पातळी कमी झाली म्हणून अ‍ॅसिड कधीही घालू नका. उडून गेलं ते पाणी, अ‍ॅसिड आतच आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, झाकणं घट्ट लावूनच, म्हणजे सोडा आत जाणार नाही, आणि कोरडं झाल्यावर व्हॅसलिन लावा.

जुन्या बॅटऱ्या नव्या घेतल्या त्याच दुकानात वजनावर द्या आणि पावती घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, लेड-अ‍ॅसिडसाठीही आणि लिथियमसाठीही. भंगारवाल्याला देताना अ‍ॅसिड गटारात ओतून "हलकी" करून देऊ नका. त्या पाण्यात शिसं असतं, आणि तुमची विहीर किंवा बोअर तिथून फार लांब नसते.